काळीज कुत्र्यापुढे टाकू नका



गेल्या हिवाळ्यात आमच्या दवाखान्यात पाड्यावरची एक बाई आली. वय चाळिशीचे. दोन वर्षांपासून उजव्या बरगडीखाली जड वाटत होते. ताप नाही, कावीळ नाही. पोट तपासताना हाताला गुळगुळीत, गोल गाठ लागली. सोनोग्राफीत यकृतात नऊ सेंटिमीटरची पाण्याने भरलेली पिशवी दिसली. तिच्या आत मधाच्या पोळ्याच्या घरांसारख्या लहान पिशव्या दाटल्या होत्या. तिचा मुलगा म्हणाला, “सिस्टर, पाणीच आहे ना? मग सुईने काढून टाका.”

मी त्याला थांबवले. तो असे का म्हणाला हे समजण्यासारखे आहे. पण हे पाणी साधे नाही. या आजाराला हायडॅटिड म्हणतात आणि त्याची सुरुवात कुत्र्याच्या पोटात होते.

एकायनोकॉकस ग्रॅन्युलोसस नावाचा पट्टकृमी कुत्र्याच्या लहान आतड्यात राहतो. तो जेमतेम दोन ते सात मिलिमीटर लांब असतो. हजारो कृमी असले तरी कुत्रा धडधाकट दिसतो, म्हणून नुसते बघून काही कळत नाही. कृमीची अंडी विष्ठेतून बाहेर पडतात आणि गवताला, पाण्याला, कुत्र्याच्या केसांना लागतात. तेच गवत मेंढीने खाल्ले की अंड्यातून निघालेला सूक्ष्म जीव आतडे भेदून रक्तात शिरतो. आतड्याचे रक्त आधी यकृतात जाते, म्हणून बहुतेक गाठी तिथेच होतात. काही फुप्फुसात होतात. गाठीच्या पाण्यात बारीक वाळूसारखे कण असतात. प्रत्येक कण म्हणजे उद्याच्या कृमीचे डोके. मेंढी कापल्यावर गाठ असलेले काळीज कुत्र्याने खाल्ले, की साधारण सहा-सात आठवड्यांत त्याच्या विष्ठेतून पुन्हा अंडी पडू लागतात.

माणूस या फेऱ्यात चुकून सापडतो. कुत्र्याला गोंजारलेला हात न धुता भाकरी खाल्ली, न धुतलेली भाजी खाल्ली, तर अंडी पोटात जातात. मटण खाऊन हा आजार होत नाही आणि रोग्यापासून दुसऱ्याला लागतही नाही. या बाईच्या शेजारणींनी तिच्या हातचे पाणी बंद केले होते. ते निष्कारण होते.

गाठ फार हळू वाढते, त्यामुळे त्रास सुरू होईपर्यंत वर्षे निघून जातात. बाईला विचारल्यावर समजले की लग्नाआधी तिचे आईवडील मेंढपाळांच्या वाड्यावर मजुरीला असत आणि ती कुत्र्यांच्या पिल्लांत वाढली.

आता सुईचे. नीट तयारी नसताना गाठीला भोक पडले, तर पाणी पोटात सांडते. कधी अंगावर पित्त उठते, दम लागतो, रक्तदाब कोसळतो आणि जीव जाऊ शकतो. शिवाय सांडलेल्या कणांतून पोटभर नव्या गाठी होतात. काही गाठींतले पाणी सोनोग्राफीखाली सुईने काढून आत औषध सोडता येते, पण ते अनुभवी डॉक्टरांनी, मोठ्या रुग्णालयात. हिच्या गाठीत आत अनेक पिशव्या होत्या, म्हणून शस्त्रक्रियाच योग्य ठरली. आधी अल्बेंडाझोलच्या गोळ्या सुरू केल्या, जेवणाबरोबर. तेलातुपाच्या अन्नाबरोबर त्या अंगी लागतात. शस्त्रक्रियेत भोवताली खारट पाण्यात भिजवलेले कापड ठेवून गाठ रिकामी केली. नंतरही गोळ्या चालू राहिल्या आणि यकृतासाठी रक्ताची तपासणी होत राहिली. गाठ परत येऊ शकते, म्हणून पुढची काही वर्षे तिला सोनोग्राफीला यायचे आहे.

हा फेरा तोडता येतो. आइसलँडमध्ये एकेकाळी हा आजार घरोघरी होता. 1863 साली हाराल्ड क्राबे नावाचे डॅनिश शास्त्रज्ञ तिथे गेले. त्यांनी 100 कुत्री तपासली. 28 कुत्र्यांत हा कृमी सापडला. मग सोप्या भाषेतली पुस्तिका घरोघर वाटली गेली, पुढे कुत्र्यांवर कायदे झाले आणि गाठींचे अवयव कुत्र्यांना घालणे बंद होत गेले. आज तिथे हा आजार उरलेला नाही.

आपल्या पाड्यांवरही तेच करायचे आहे. सणाला किंवा लग्नाला मेंढी-बकरी कापली की काळीज आणि फुप्फुस नीट बघा. पाण्याची गाठ दिसली तर ती न फोडता अवयव खोल पुरा, वर दगड ठेवा. नाहीतर अर्धा तास खळखळ उकळा. पाळीव कुत्र्याला पशुवैद्यांकडून दर सहा आठवड्यांनी प्राझिक्वांटेल द्या. या औषधाने कृमी मरतात, अंडी मरत नाहीत. म्हणून त्यानंतरचे दोन-तीन दिवस कुत्रा बांधून ठेवा आणि विष्ठा पुरा.

ती बाई आता शेतावर जाते. मागच्या महिन्यात तिच्या दिराकडे बोकड कापला, तेव्हा खड्डा तिनेच खणून घेतला.