शनिवारपर्यंत होईल का?

भाची : मावशी, चाकणच्या एका कारखान्याची पुस्तिका मराठीत करायला आलीये. पंपाची देखभाल, ९,००० शब्द. दिवसाला मी दोन हजार करते. आज सोमवार, ११ ऑगस्ट. शनिवारी देते म्हणून कळवू?

मावशी : दोन हजार हा तुझ्या चांगल्या दिवसाचा आकडा झाला. त्यावरून तारीख काढू नकोस. आधी या मजकुराला किती तास लागतील ते बघ. मधलं एखादं पान करून पाहिलंस का? प्रस्तावना नको, ती सोपीच असते.

भाची : सकाळीच केलं. गळतीच्या प्रकरणातले ४५० शब्द. कच्चा अनुवाद दीड तासात झाला. ‘सील’ आणि ‘गॅस्केट’ला कामगार काय म्हणतात हे शोधण्यातच बराच वेळ गेला. मग मुळाशी ताडून बघायला अर्धा तास.

मावशी : म्हणजे तपासणीसकट तासाला २२५ शब्द. ९,००० शब्दांना ४० तास. संज्ञा एकदा ठरल्या की वेग वाढेल, पण तक्ते आणि आकृत्यांमधली बारीक अक्षरं तो वेळ परत खातील. ४० च धर. आता सांग, आठवड्याला तू किती तास बसतेस?

भाची : तीस.

मावशी : त्यातले निव्वळ अनुवादाचे किती? मेल, फोन, बिलं, जुन्या कामातल्या शंका हे सगळं त्या तिसातच येतं ना?

भाची : त्यात सहा तास तरी जातात. मग २४ उरले. आणि एका संस्थेचं साप्ताहिक वार्तापत्र असतं, त्याला दर आठवड्याला सहा तास.

मावशी : म्हणजे नव्या-जुन्या कामांसाठी खरे हातात १८. आणि अर्धवट काय पडलंय?

भाची : बँकेच्या माहितीपत्रकाचे २,७०० शब्द राहिलेत. त्यालाही साधारण हाच वेग, म्हणजे १२ तास.

मावशी : ते आधी घेतलेलं काम, तेव्हा रांगेत पुढे तेच. बारा आणि चाळीस, एकूण ५२ तास. आठवड्याला १८ प्रमाणे जवळजवळ तीन आठवडे.

भाची : तीन आठवडे! मी तर सहाव्या दिवशीचं सांगणार होते. रात्री बसले तर?

मावशी : रात्रीचे तास अडीअडचणीसाठी राखून ठेवायचे असतात. वीज गेली, ताप आला, तर तेच कामी येतात. ते आधीच खर्चात धरलेस तर अडचणीच्या दिवशी काय करशील? शिवाय ही देखभालीची पुस्तिका. दमलेल्या डोळ्यांनी २५ चे ५२ झाले, तर तो बोल्ट तितकाच आवळला जाईल. आता कॅलेंडर उघड. २७ ला गणपती आहेत, आणि तुमच्याकडे गौरीही असतात.

भाची : हो, २ सप्टेंबरला विसर्जन. २६ पासून मला फुरसत नाही. पंधरा ऑगस्टला मात्र झेंडावंदन करून बसेन.

मावशी : मग या आठवड्याचे १८, पुढच्याचे १८. गणपतीच्या आठवड्यात सोमवारचा एकच दिवस, पण तेव्हा वार्तापत्र?

भाची : त्या आठवड्यात त्यांचा अंक नसतो.

मावशी : छान, मग सोमवारी सहा तास धरू. झाले ४२. उरलेले दहा तास ३, ४ आणि ५ सप्टेंबरला, रोज साडेतीनच्या आसपास. म्हणजे शुक्रवारी ५ तारखेला संध्याकाळी काम संपतं.

भाची : ५ तारीख कळवू?

मावशी : ती तुझी तारीख, ग्राहकाची नाही. त्यांच्याकडून शंकांची उत्तरं यायला दिवस जातात, आणि मजकूर दोन दिवस बाजूला ठेवून वाचला की चुका दिसतात. १० सप्टेंबर, बुधवार सांग.

भाची : त्यांना घाई असली तर?

मावशी : तर पुस्तिका तोडून दे. गळती आणि दुरुस्तीची प्रकरणं २५ ऑगस्टला, बाकीचं १० ला. माहितीपत्रक पुढे ढकलायचं असेल तर आधी बँकेला विचार, परस्पर नको. अर्धं काम दुसऱ्याला देऊन वेळ अर्धा होत नाही. एकाने ‘झडप’ लिहिलं आणि दुसऱ्याने ‘व्हॉल्व्ह’, तर शेवटी सगळं तूच एकसारखं करत बसशील.

भाची : आणि त्यांनी आठ दिवसांनी होकार दिला तर?

मावशी : तोवर तू दुसरं काम घेतलेलं असशील, म्हणून मुदत आत्ताच लिही. ‘१३ ऑगस्टपर्यंत मंजुरी आणि अंतिम फाइल मिळाल्यास १० सप्टेंबर. नंतर मिळाल्यास तारीख नव्याने कळवीन.’ ‘अंतिम’ हा शब्द गाळू नकोस. मध्येच सुधारलेली आवृत्ती आली, तर बदललेली पानं शोधायचे तास वेगळे मोजावे लागतात.