‘सोळापट धोका’ : आकडा कसा वाचावा?

‘अमुक खाणाऱ्यांना तमुक आजाराचा सोळापट धोका’ अशी बातमी आली की त्या आठवड्यात दवाखान्यात येणारे लोक तेच विचारतात. पुष्कळदा मूळ अभ्यासात ‘सोळापट धोका’ असे शब्दच नसतात. तिथे असतो ‘ऑड्स रेशो’, आणि तो धोक्याची पट समजून छापला जातो. या दोहोंतला फरक आज पाहू.

सातारा-सांगलीकडे मिश्रीची सवय घरोघर दिसते. मिश्री लावणाऱ्या बायकांना तोंडाचा कॅन्सर किती जास्त होतो, हे शोधायचे कसे? हजारो निरोगी माणसांवर वीस वर्षे नजर ठेवणे परवडत नाही. म्हणून संशोधक उलटीकडून सुरुवात करतात. कॅन्सर झालेले काही रुग्ण घेतात, त्याच वयाची कॅन्सर नसलेली माणसे घेतात आणि दोघांना जुन्या सवयी विचारतात. याला केस-कंट्रोल अभ्यास म्हणतात. तंबाखू आणि कॅन्सरविषयी मुंबईत जस्सावाला आणि देशपांडे यांनी १९७१ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास याच जातीचा होता.

आता एक हिशेब करू. आकडे समजण्यापुरते घेतले आहेत. समजा, मिरजेजवळ एका लग्नात २०० माणसे जेवली. १०० जणांनी बासुंदी खाल्ली, त्यांतल्या ८० जणांना जुलाब-उलट्या झाल्या. बाकी १०० जणांनी ती खाल्ली नाही, त्यांतले २० आजारी पडले. म्हणजे धोका ८० टक्के आणि २० टक्के. बासुंदी खाणाऱ्याला धोका चौपट. ही खरी ‘सापेक्ष जोखीम’.

ऑड्स मोजताना भागाकार वेगळा असतो. आजारी पडलेल्यांना एकूण माणसांनी न भागता, न पडलेल्यांनी भागायचे. बासुंदी खाणाऱ्यांत ८० भागिले २०, म्हणजे ४. न खाणाऱ्यांत २० भागिले ८०, म्हणजे पाव. चाराला पावाने भागले की येतात १६. लग्न तेच, बासुंदी तीच. धोका चौपट आणि ऑड्स रेशो सोळा!

मग सरळ धोकाच का मोजत नाहीत? कारण केस-कंट्रोल अभ्यासात तो मोजता येत नाही. समजा, डॉक्टरांनी आजारी पडलेल्या सगळ्या १०० जणांना विचारले, पण बऱ्या माणसांपैकी ५० जणांनाच. त्या ५० मध्ये बासुंदी खाणारे १० आणि न खाणारे ४० निघतील. आता खाणारे एकूण ९०, त्यांतले ८० आजारी. न खाणारे एकूण ६०, त्यांतले २० आजारी. टक्केवारी काढली तर धोका पावणेतीन पटीच्या आसपास दिसेल. आणखी बरी माणसे घेतली की हा आकडा पुन्हा बदलेल. कारण बरी माणसे किती घ्यायची हे आपण ठरवले, आजाराने नव्हे. ऑड्स रेशो मात्र तेव्हाही (८० × ४०) भागिले (२० × १०), म्हणजे १६ च राहतो. हाच त्याचा उपयोग.

आता आजार दुर्मिळ असेल तर काय होते ते पाहा. समजा, सवय असलेल्या १०,००० पैकी ४० जणांना आजार झाला आणि सवय नसलेल्या १०,००० पैकी १० जणांना. धोका पुन्हा चौपटच. ऑड्स रेशो मात्र या वेळी ४.०१ येतो. ४० ला १०,००० ने भागा किंवा ९,९६० ने, फरक नगण्य. दुर्मिळ आजारात ऑड्स रेशो धोक्याच्या पटीच्या जवळ जातो, हे जेरोम कॉर्नफील्ड यांनी १९५१ साली दाखवून दिले.

त्याच्या आदल्याच वर्षी इंग्लंडमध्ये डॉल आणि हिल यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला होता. फुप्फुसाचा कॅन्सर झालेल्या ६४९ पुरुषांपैकी फक्त २ जण धूम्रपान न करणारे होते. तुलनेसाठी घेतलेल्या तितक्याच पुरुषांत असे २७ होते. ऑड्स रेशो येतो सुमारे १४. हा कॅन्सर एकूण लोकसंख्येत दुर्मिळ, म्हणून इथे ‘सुमारे चौदापट धोका’ असे वाचले तरी चालते. बासुंदीच्या जुलाबाला तसे चालणार नाही.

तेव्हा बातमी वाचताना आधी पाहावे, अभ्यास रुग्णांपासून मागे गेला आहे का? गेला असेल तर आकडा बहुधा ऑड्स रेशोच. मग पाहावे, हा आजार शंभरातल्या किती जणांना होतो? एखाद-दुसऱ्याला किंवा त्याहून कमी होत असेल तर आकडा धोक्याची पट म्हणून घ्यावा. गुडघेदुखी किंवा रक्तदाबासारखा दहा-वीस जणांना होणारा असेल तर खरी पट छापलेल्या आकड्यापेक्षा कमी आहे असे धरावे.

आणि पट खरी असली तरी ती कशाची, हे विसरू नये. वरच्या दुसऱ्या हिशेबात चौपट म्हणजे दहा हजारांत १० ऐवजी ४०. लग्नात चौपट म्हणजे शंभरात २० ऐवजी ८०. केस-कंट्रोल अभ्यास पट सांगतो. मूळ धोका किती, हे कॅन्सर नोंदणीसारख्या दुसऱ्या ठिकाणाहूनच कळते.