कॉल सेंटरला माणसं किती? दिवसाची सरासरी बघू नका

समजा, तुमच्या मिक्सर-रिपेअरिंगच्या हेल्पलाइनवर दोघी जणी बसतात. दिवसात १२५ कॉल आले, १० जणांनी वाट बघून फोन ठेवला. म्हणजे ८ टक्के. ठीक वाटतं ना? आता तोच कॉल रेकॉर्ड एक्सेलमध्ये तासावार लावा.

सकाळी १० ते ११ मध्ये ४० कॉल आले. त्यातले ४ पाच सेकंदांत कट झाले. ते बहुतेक राँग नंबर, म्हणून बाजूला काढा. उरले ३६. त्यातले ८ सुटले, म्हणजे २२ टक्के! वेटिंगची सरासरी काढताना या आठ जणांनी ताटकळलेला वेळही धरा. बरेच रिपोर्ट फक्त उचललेले कॉल मोजतात आणि आकडा उगाच गोड दिसतो.

एका कॉलला, नंतरची नोंद धरून, ४ मिनिटं लागतात. ३६ कॉल म्हणजे १४४ मिनिटांचं काम. दोघींकडे मिनिटं १२०च. तिसरी व्यक्ती हवीच, पण फक्त त्या तासाला. दुपारी ३ ते ४ मध्ये ९च कॉल येतात, तिथे एकटी पुरते का बघा. मात्र सुटलेला माणूस पुन्हा फोन करतो, म्हणून एकच नंबर दोनदा दिसला तर गिऱ्हाईक एकच धरा.