निमंत्रणाचे ई-पत्र : एक पाठ

दहावीच्या पत्रलेखनाच्या तासाला आम्ही विद्यार्थ्यांपुढे एक विषय हमखास ठेवतो : महाविद्यालयाच्या संगीत मंडळाचे सचिव या नात्याने एका ज्येष्ठ गायिकेस वर्धापनदिनाच्या प्रमुख पाहुण्या म्हणून ई-मेलद्वारे निमंत्रण द्या. दिनांक, प्रति, विषय, मायना, मजकूर, शेवटी 'आपला' किंवा 'आपली' आणि नाव-पत्ता हा आराखडा मुलांना पाठ असतो. परीक्षेपुरते ते पुरेसेही आहे. परंतु हेच पत्र खरोखर पाठवायचे झाले, तर त्यातून काय निसटते, ते पाहण्यासाठी हा पाठ आहे.

उदाहरणादाखल असे धरू, की महाविद्यालय परळचे आहे, मंडळाला 25 वर्षे पूर्ण होत आहेत आणि गायिका गिरगावात राहतात. वय पंचाहत्तरीचे. ऐन उमेदीत भीमजयंतीच्या रात्री वस्त्यावस्त्यांतून गायलेल्या. मुलांचा पहिला मसुदा बहुधा असा उतरतो : 'आपण थोर कलावंत आहात. आपल्या पदस्पर्शाने आमचे व्यासपीठ पावन होईल. तरी आपण उपस्थित राहून दोन गीते सादर करावीत, ही नम्र विनंती.' भाषा शुद्ध आहे, नम्रताही आहे. तरीही हे पत्र वाचून बाईंना होकार देता येणार नाही आणि नकारही देता येणार नाही, कारण निर्णय घेण्यासाठी लागणारी एकही गोष्ट त्यात नाही.

सर्वांत अवघड शब्द आहेत 'दोन गीते'. पाहुणे म्हणून येणे आणि गायक म्हणून येणे ही दोन वेगळी कामे आहेत. पाहुण्यास भाषण करावे लागते, मुलांचे गाणे ऐकावे लागते. गायकास साथीला संवादिनी लागते, ढोलकी किंवा तबला लागतो, त्या वादकांना बिदागी द्यावी लागते, आधी आवाजाची जुळवाजुळव करावी लागते. पंचाहत्तरीतला गळा आयत्या वेळी, परक्या पट्टीत आणि अनोळखी साथीवर लागत नाही. तो लागला नाही तर फजिती मंडळाची होत नाही, बाईंची होते. शाल-श्रीफळ देऊन मैफल पदरात पाडून घेण्याची रीत आम्हांला गैर वाटते. ज्यांनी आयुष्यभर अल्प मानधनावर, कधी त्याविनाही, समाजासाठी गायले, त्यांच्या बाबतीत तर अधिकच. गाणे हवे असेल तर ते पत्रात उघड लिहावे, मानधनाचा आकडा सांगावा आणि त्यासाठी प्राचार्यांची मंजुरी पत्र पाठवण्याआधी घ्यावी. तेवढी तरतूद नसेल, तर गाण्याचा आग्रह होणार नाही, हेही उघड लिहावे.

दुसरी गोष्ट तारखेची. परळ-लालबागमध्ये पावसाळ्यात कार्यक्रम ठेवला, तर हिंदमातापाशी साचणारे पाणी आणि गणेशोत्सवातील लालबागची गर्दी यांतून वृद्ध पाहुण्यास आणणे जिकिरीचे होते. 6 डिसेंबरला दादरला चैत्यभूमीवर जनसागर लोटतो. एप्रिलच्या मध्यास या गायिकेचे दिवस आधीच ठरलेले असणार. म्हणून आम्ही जानेवारीतील शनिवार निवडला आणि पत्र सुमारे दोन महिने आधीचे धरले. ठिकाणही नेमके हवे. गिरगावचा माणूस चर्नी रोडला गाडीत बसतो. पश्चिम रेल्वेवर त्याला उतरायचे ते प्रभादेवीला, म्हणजे पूर्वीच्या एल्फिन्स्टन रोडला. परळ स्थानक मध्य रेल्वेवर आहे. नुसते 'परळ' लिहिले, तर कोणी लोअर परळला उतरून मोकळे होईल.

आता पत्र वाचणार कोण, याचा विचार करू. वामनदादा कर्डक तरुणपणी मुंबईत शिवडीच्या बीडीडी चाळीत राहत असताना एकाने त्यांना पत्र वाचून दाखवायला सांगितले आणि ते वाचता आले नाही. ती खंत मनाला लागून ते अक्षरे शिकले. पुढे त्यांनी जे लिहिले, ते घराघरांत गायले गेले. आजच्या ज्येष्ठ गायिकेला वाचता येत असेल, पण ई-मेल बहुधा नातवाच्या फोनवर उघडेल आणि तोच तो मोठ्याने वाचून दाखवील. म्हणून वाक्ये कानाला कळतील अशी, लहान असावीत. महत्त्वाचा मजकूर जोडपत्रात दडवू नये. छापखान्यात जुन्या फाँटमध्ये जुळवलेली निमंत्रणपत्रिका तशीच उतरवून पाठवली, तर दुसऱ्या फोनवर अक्षरांऐवजी निरर्थक चिन्हे दिसतात. मजकूर युनिकोडमध्येच टंकित करावा आणि आधी स्वतःच्या दुसऱ्या पत्त्यावर पाठवून पाहावा. पडद्यावर विषयाचे पहिले काही शब्दच दिसतात, म्हणून तारीख आरंभी यावी.

आमच्या वर्गात दुरुस्त होत होत पत्र असे झाले :

दिनांक : 24 नोव्हेंबर 2025

विषय : 17 जानेवारी 2026, संगीत मंडळाचा वर्धापनदिन : प्रमुख पाहुण्या म्हणून निमंत्रण

आदरणीय बाई,
सविनय जयभीम.

मी परळच्या आमच्या महाविद्यालयातील संगीत मंडळाची सचिव. मंडळाला येत्या जानेवारीत 25 वर्षे पूर्ण होत आहेत. आमच्यापैकी अनेकांनी आपली गाणी घरातल्या वडीलधाऱ्यांकडून ऐकली आहेत. म्हणून या दिवशी आपण प्रमुख पाहुण्या म्हणून यावे, अशी सर्वांची इच्छा आहे.

कार्यक्रम शनिवार, 17 जानेवारी 2026 रोजी सायंकाळी 5 ते 7 या वेळेत आहे. आपण वीस मिनिटे बोलावे आणि विद्यार्थ्यांची चार गाणी ऐकावीत, एवढीच विनंती आहे. आपणांस गाण्याचा आग्रह केला जाणार नाही. सभागृह पहिल्या मजल्यावर असून लिफ्ट आहे. दुपारी साडेतीन वाजता दोन विद्यार्थिनी टॅक्सी घेऊन आपल्या घरी येतील व कार्यक्रमानंतर घरी पोहोचवतील. सोबत एक व्यक्ती आणावी. प्रवासखर्च मंडळाचा आहे.

प्राचार्यांचे स्वाक्षरीचे पत्र सोबत जोडले आहे. 5 डिसेंबरपर्यंत कळवल्यास पत्रिका छापता येईल. सोयीची वेळ कळवल्यास मी दूरध्वनी करीन.

आपली नम्र,
अ. ब. क.
सचिव, संगीत मंडळ

मायन्यात 'बाई' लिहावे की 'महोदया', यावर वर्गात वाद झाला. परीक्षेत 'महोदया' लिहावे. घरी पाठवताना समोरच्या व्यक्तीस लोक ज्या नावाने मान देतात, ते लिहावे. मात्र जुन्या पत्रावरून नक्कल करताना राहून गेलेले 'महोदय' कुठेच खपत नाही. तसेच एकाच पत्राच्या 'प्रति'मध्ये तीन गायकांचे पत्ते घालू नयेत. आपण त्यांच्यापैकी कोणीतरी एक आहोत, हे तिघांनाही तत्क्षणी कळते.

चार दिवसांत उत्तर आले नाही, तर पत्र पोहोचले का, एवढेच दूरध्वनीवर विचारावे. होकारासाठी तिथेच गळ घालू नये. होकार आला की टॅक्सीची वेळ आणि सोबत येणाऱ्या दोघींची नावे लेखी कळवावीत आणि आदल्या दिवशी सायंकाळी पुन्हा एकदा बोलावे. नकार आला तर दोन ओळींचे आभारपत्र त्याच दिवशी जावे, आणि पत्रिकेवर नाव त्यानंतरच्या पाहुण्यांचे छापावे.