धांवतांना छाती कां थकते?

शर्यत संपल्यावर धापा टाकीत एका विद्यार्थ्यानें आम्हांस विचारलें, "सर, धांवतात पाय, मग छाती कां थकते?" त्याचें उत्तर येथें थोडक्यांत देण्याचें आम्हीं योजिलें आहे.

फुप्फुसें स्वतः हवा ओढूं शकत नाहींत. छाती व पोट यांच्यामध्यें घुमटाच्या आकाराचा एक स्नायूचा पडदा आहे. त्यास श्वासपटल म्हणतात. तें आकुंचन पावलें कीं घुमट खालीं उतरतो. त्याच वेळीं बरगड्यांमधील बाहेरचे स्नायु बरगड्यांस वर उचलतात. अशा रीतीनें छातीची पोकळी वाढते व हवा आंत शिरते. स्वस्थ बसलों असतां उच्छ्वासास मात्र श्रम पडत नाहींत. ताणलेलें रबर सोडावें त्याप्रमाणें फुप्फुसें आपोआप आकसतात.

आतां हिशेब पाहूं. स्वस्थ बसलेला मुलगा मिनिटास १४ वेळां, दर वेळीं अर्धा लिटर हवा घेतो असें समजूं. म्हणजे ७ लिटर झाली. तोच वेगानें धांवतांना ४० वेळां, दर वेळीं २ लिटर घेतो. म्हणजे ८० लिटर. पूर्वीं एका श्वासोच्छ्वासास चार सेकंदांहून अधिक वेळ मिळत असे. आतां दीडच सेकंद मिळतो. एवढ्या वेळांत फुप्फुसें आपोआप पुरतीं आकसत नाहींत. म्हणून पोटाचे स्नायु व बरगड्यांमधील आंतले स्नायु हवा जोरानें बाहेर लोटतात. जो उच्छ्वास फुकट होत होता, त्यासही आतां मोल पडतें.

हवा सुमारें अकरा पट झाली, तरी श्रम त्याहूनही अधिक वाढतात. पिचकारी हळू दाबली तर सहज दबते, झटक्यानें दाबली तर हात भरून येतो; श्वासनलिकांतून वेगानें जाणारी हवाही तसाच विरोध करते. शिवाय छाती जितकी अधिक ताणावी तितकी ती अधिक अडते.

रक्तांतील प्राणवायु संपला म्हणून दम लागतो, असा पुष्कळांचा समज आहे. निरोगी मुलाच्या रक्तांत तो धांवतांनाही बहुधा पुरेसा असतो. पायांच्या स्नायूंत निर्माण होणारा कार्बन डायऑक्साइड वायु व आम्ल, तसेंच पायांना हुकूम देणारा मेंदू, हीं श्वासाचा वेग वाढवितात. श्वासाच्या स्नायूंना किती जोराचा हुकूम द्यावा लागत आहे, याचीच जाणीव आपणांस 'दम' म्हणून होते.

धांपतांना उथळ श्वास घेणें तोट्याचें आहे. प्रत्येक श्वासांतील सुमारें १५० मिलिलिटर हवा नळ्यांतूनच परत येते. ८० लिटर हवा ४० खोल श्वासांनीं घेतली तर ६ लिटर वायां जाते. ८० उथळ श्वासांनीं घेतली तर १२ लिटर.

थांबल्यावर कांहीं मिनिटांत श्वास संथ होऊं लागला, तर तो केवळ स्नायूंचा श्रम समजावा. परंतु छातींत शीळ वाजूं लागली, खोकला थांबेना, किंवा छातींत दुखूं लागलें, तर तो नेहमींचा दम नव्हे; पालकांनीं मुलास डॉक्टरांकडे न्यावें.