अल्टरनेटरमधील बिघाड : लक्षणे व परीक्षा

भाजीपाला रात्री बाजारास नेणाऱ्या पिकअप गाडीचे दिवे वाटेत मंदावू लागले, की बॅटरी संपली असे समजून नवी बॅटरी विकत घेतली जाते. एक-दोन दिवस गाडी ठीक चालते व पुन्हा तीच अडचण उभी राहते. अशा वेळी दोष पुष्कळदा बॅटरीत नसून तिला वीज पुरविणाऱ्या अल्टरनेटरमध्ये असतो.

अल्टरनेटर हे इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारे लहान जनित्र होय. बॅटरीचे मुख्य काम इंजिन सुरू करून देण्याचे. त्यानंतर दिव्यांना वीज पुरविणे व बॅटरीतील खर्च झालेला साठा भरून काढणे ही कामे अल्टरनेटरची असतात. तो बंद पडला म्हणजे सर्व भार बॅटरीवर येतो व तिच्यातील साठा ओसरू लागतो.

ह्या बिघाडाची लक्षणे तीन. पहिले लक्षण दिव्यांचे. गाडी उभी असता प्रकाश मंद व इंजिनाची गती वाढविताच उजळ होत असेल, तर अल्टरनेटर अपुरी वीज देत आहे किंवा पट्टा सैल आहे असे समजावे. गाडी वेगात असूनही प्रकाश हळूहळू तांबूस होत गेला, तर बॅटरी भरली जात नाही हे जवळजवळ निश्चित.

दुसरे लक्षण चालकासमोरील बॅटरीचे चित्र असलेल्या तांबड्या दिव्याचे. चावी फिरविताच तो लागावा व इंजिन सुरू होताच विझावा. चालत्या गाडीत तो पेटला, अथवा अंधुक तेवत राहिला, तर तपासणी लांबणीवर टाकू नये.

तिसरे लक्षण आवाजाचे. इंजिन सुरू करताना किंवा दिवे लावताच होणारा तीव्र चीत्कार बहुधा घसरणाऱ्या पट्ट्याचा असतो. इंजिनाच्या गतीबरोबर वाढणारी घरघर झिजलेल्या बेअरिंगची असते. दिवे लावताच वाढणारी व ते मालवताच कमी होणारी बारीक शीळ डायोड निकामी झाल्याची सूचना देते. अल्टरनेटरमधील उलटसुलट वाहणारी वीज बॅटरीस योग्य अशी एकाच दिशेने वळविण्याचे काम हे डायोड करतात.

केवळ लक्षणांवर विसंबू नये. साध्या मल्टिमीटरने खात्री करून घ्यावी. त्याची तांबडी तार बॅटरीच्या धन टोकास व काळी ऋण टोकास लावावी. काही तास बंद असलेल्या गाडीत पूर्ण भरलेली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखविते. इंजिन चालू असता बहुतेक गाड्यांत हा आकडा १३.८ ते १४.५ च्या दरम्यान यावा. काही नव्या गाड्यांत संगणक हा दाब मुद्दाम कमी करतो. म्हणून दिवे व पंखा लावूनही मोजणी करावी.

एका पिकअपचे उदाहरण घेऊ. बंद गाडीत १२.२, इंजिन चालू असता १२.३ व दिवे लावल्यावर ११.८ व्होल्ट आले. इंजिन चालूनही आकडा वाढत नाही, अर्थात बॅटरी भरली जात नाही. इंजिन बंद करून पट्टा मध्यभागी अंगठ्याने दाबला, तेव्हा तो बोटभराहून अधिक खचला. अशा पट्ट्यास साधारणपणे १० मिलिमीटर खच पुरे. पट्टा ताणल्यावर आकडा १२.९ झाला, परंतु दिवे लावताच १२.४ वर उतरला व शीळ वाढली. मग मल्टिमीटर उलटसुलट वीज मोजण्याच्या खुणेवर ठेवला. तेथे अर्ध्या व्होल्टाहून कमी आकडा यावा, तो ०.९ आला. दोष डायोडचा ठरला. डायोडची पट्टी बदलल्यावर दिवे चालू असतानाही १३.९ व्होल्ट मिळाले. जुनी बॅटरी बाहेर भरून घेतल्यावर पूर्ववत कामास आली.

पूर्वीच्या डायनामोच्या काळात चालू इंजिनावर बॅटरीची तार काढून पाहण्याची रीत होती. अल्टरनेटर असलेल्या गाडीत ती कधीही वापरू नये. तार काढताच दाब एकाएकी वाढतो व डायोड, रेग्युलेटर किंवा गाडीचा संगणक जळतो.

वाटेत तांबडा दिवा लागल्यास प्रथम गाडी कडेला थांबवून इंजिन बंद करावे व पट्टा पाहावा. अनेक गाड्यांत तोच पट्टा पाण्याचा पंपही फिरवितो; तो तुटला असेल, तर गाडी पुढे नेऊ नये, इंजिन तापून निकामी होईल. पट्टा शाबूत असेल, तर पंखा व रेडिओ बंद करून जवळच्या दुरुस्तीगृहापर्यंत जाता येते. मात्र वाटेत इंजिन बंद करू नये, ते पुन्हा सुरू होईलच असे नाही. ५५ वॉटचे दोन पुढील दिवे सुमारे ९ अँपिअर घेतात. मागील दिवे व इंजिनाची उपकरणे धरून खर्च १५ च्या आसपास जातो. ६० अँपिअर-तासांच्या बॅटरीचा निम्मा साठा वापरता येईल असे धरले, तर हाती दोन तास राहतात. बॅटरी जुनी किंवा अर्धवट भरलेली असल्यास त्याहूनही कमी. म्हणून रात्रीच्या लांब फेरीपूर्वी, माल भरण्याच्या आधीच, मोजणी करून घ्यावी.