व्यवसायाचा अंदाज : ‘शक्यता’ म्हणजे नेमके किती?

समजा, एखाद्या गावातील सहकारी संस्थेने डाळ मिलसाठी कर्जप्रस्ताव तयार केला आहे. त्यात लिहिले आहे : तूर बाजारात येण्यापूर्वी यंत्रे बसण्याची अपेक्षा आहे, पुरेशी तूर मिळण्याची शक्यता आहे, डाळीस बहुधा चांगला भाव येईल. एकूण, व्यवसायास मोठा वाव आहे.

हे चारही शब्द एकाच अर्थाचे नव्हेत. ‘शक्यता’ म्हणजे केवळ अशक्य नाही, एवढेच. ‘बहुधा’ म्हणजे होण्याचे पारडे न होण्यापेक्षा जड. ‘अपेक्षा’ या शब्दात अंदाज किती आणि इच्छा किती, हे लिहिणाऱ्यासही सांगता येत नाही. ‘वाव’ तर संभाव्यता दर्शवीतच नाही. बाजारात जागा आहे, ती या संस्थेस मिळेलच असे नव्हे.

वाचणाराही आपल्या कलाने अर्थ लावतो. १९५१ साली युगोस्लाव्हियावरील हल्ल्याची ‘गंभीर शक्यता’ आहे, असा अहवाल अमेरिकेत शेर्मन केंट यांच्या कार्यालयाने दिला होता. तो तयार करणाऱ्यांनाच केंट यांनी पुढे त्या शब्दांचा अर्थ विचारला, तेव्हा उत्तरे शेकडा २० पासून ८० पर्यंत आली. सर्वांनी संमत केलेले वाक्य एकच होते!

म्हणून प्रस्तावातील प्रत्येक शब्दापुढे आकडा मागावा. तिन्ही गोष्टींबाबत संस्थेने शेकडा ७० असे उत्तर दिले, तर ऐकणाऱ्यास समाधान वाटते. परंतु पहिल्या वर्षीच्या नफ्यासाठी तिन्ही गोष्टी घडावयास हव्यात. अशा १०० संस्था कल्पिल्या, तर ७० ठिकाणी यंत्रे वेळेवर बसतील, त्यांपैकी ४९ ठिकाणी तूरही मिळेल आणि जेमतेम ३४ ठिकाणी भावही साधेल. म्हणजे नफ्याच्या बाजूस एक, तर विरुद्ध जवळजवळ दोन. तीन ‘बहुधा’ मिळून ‘बहुधा नाही’ असे उत्तर आले.

हा गुणाकार मात्र डोळे मिटून करू नये. तिन्ही गोष्टी परस्परांवर अवलंबून नसतील तरच तो खरा. येथे तसे नाही. तूर भरपूर आली की डाळीचा भाव उतरतो. तेव्हा ‘भाव येईल काय?’ असे न विचारता ‘तूर भरपूर आली, तरीही हा भाव येईल काय?’ असे विचारले पाहिजे. त्याचे उत्तर ७० ऐवजी ४० आले, तर १०० पैकी जेमतेम २० संस्थाच नफ्यात राहतात.

आकडा तरी कोठून आणावयाचा, ही अडचण खरीच आहे. जवळच्या बाजार समितीतील गेल्या दहा हंगामांची आवक व भाव पाहून आरंभ करता येतो. आकडा चुकीचा ठरला, हे एका हंगामावरून कळत नाही. शेकडा ७० म्हणून नोंदविलेले अंदाज एका वहीत वर्षानुवर्षे लिहून ठेवावेत. त्यांतील दहापैकी चारच खरे ठरत असतील, तर अंदाज करणारा सतत फाजील आशावादी आहे, हे त्या वहीतून दिसते.